शिजलेल्या तूरडाळीच्या एका वाटीत प्रथिने किती? कोरड्या वजनावरून करायचा हिशेब



पाड्यांवर काम करताना आहाराविषयी बोलणे निघाले की एक उत्तर हमखास ऐकू येते, "ताई, आमच्या घरी रोज डाळ असते." हे उत्तर खरे असते. पण डाळ रोज असते म्हणजे प्रत्येकाच्या पोटात प्रथिने किती जातात, हे त्यातून कळत नाही. एका घरची डाळ पळीवरून सावकाश घसरते, तर दुसऱ्या घरची वाटीचा तळ दिसेल इतकी पातळ असते. दोन्ही घरी तिला "एक वाटी डाळ" असेच म्हणतात.

गरोदर बहीण, अंगावर पाजणारी आई, वजन न वाढणारे मूल यांच्यासाठी आपण आहाराची नोंद ठेवतो, तेव्हा या "एक वाटी"च्या जागी खरा आकडा लिहावा लागतो. तो आकडा काढायला प्रयोगशाळा लागत नाही. एक साधा वजनकाटा, एक पातेले आणि शाळेत शिकलेला गुणाकार-भागाकार एवढे पुरते. काटा नसेल तर फक्त वाटीनेही काम भागते. या अंकाच्या पाठात आपण तेवढेच शिकणार आहोत.

आधी एक गोष्ट समजून घेऊ

तूरडाळीच्या पाकिटामागे पोषणाचा तक्ता छापलेला असतो. त्यात १०० ग्रॅम डाळीत सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असे लिहिलेले दिसते. आहारतज्ज्ञांच्या तक्त्यांतही हाच आकडा थोड्या फरकाने सापडतो. हा आकडा कोरड्या, न शिजवलेल्या डाळीचा आहे, हे मात्र पक्के लक्षात ठेवा. पाकीट विकणाऱ्याने कोरडी डाळ विकली आहे. आपण तिच्यात किती पाणी घालणार, हे त्याला माहीत नसते.

डाळ शिजते तेव्हा दाणा पाणी पितो, फुगतो, फुटतो. मग आपण ती घोटतो, वरून आणखी पाणी घालतो, मीठ-हळद आणि फोडणी घालतो. वजन वाढत जाते, पण वाढलेले जवळजवळ सगळे वजन पाण्याचे असते आणि पाण्यात प्रथिने नसतात. शिजवल्याने प्रथिनांचे रूप बदलते, त्यामुळे ती पचायला सोपी होतात. पण ती वाफेबरोबर उडून जात नाहीत. म्हणून पातेल्यात कोरडी डाळ घातली तेव्हा जेवढी प्रथिने होती, तेवढीच डाळ तयार झाल्यावरही असतात. आता ती जास्त पाण्यात पसरलेली असतात, एवढाच फरक.

गुळाचा खडा एका पेल्यात विरघळवा किंवा हंडाभर पाण्यात विरघळवा, गूळ तेवढाच राहतो. हंड्यातल्या पाण्याचा एक घोट मात्र फिका लागतो. डाळीचेही तसेच आहे. सगळा हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे. पातेल्यातली एकूण प्रथिने कोरड्या वजनावरून काढायची आणि मग त्यातला आपल्या वाटीचा वाटा काढायचा.

एका घरचा हिशेब

एका घरी आम्ही हा हिशेब चुलीजवळ बसून केला. घरात सहा माणसे. सुनेला सातवा महिना लागलेला. सासूबाईंनी संध्याकाळसाठी तूरडाळ काढली होती. ती निवडून, खडे काढून झाल्यावर पण धुण्याआधी आम्ही काट्यावर ठेवली. वजन भरले २०० ग्रॅम.

पहिली पायरी, एकूण प्रथिने. १०० ग्रॅममध्ये २२, तर २०० ग्रॅममध्ये ४४ ग्रॅम. हा आकडा आम्ही वहीत लिहिला. पुढे काहीही झाले तरी या पातेल्यातली प्रथिने ४४ ग्रॅमच राहणार.

दुसरी पायरी, रिकाम्या पातेल्याचे वजन. डाळ त्यात घालण्याआधीच ते करायचे असते, कारण नंतर रिकामे पातेले मिळत नाही. ते भरले ६४० ग्रॅम. झाकण बाजूला ठेवून वजन केले, म्हणून शेवटीही झाकण न ठेवताच वजन करायचे ठरले.

मग सासूबाईंनी नेहमीप्रमाणे स्वयंपाक केला. डाळ धुतली, शिजवली, रवीने घोटली, पाणी घातले, फोडणी दिली, उकळी आणली. आम्ही मध्ये काही मोजले नाही. पाणी किती घातले आणि वाफ किती गेली, हे मोजण्याची गरजच नाही, कारण शेवटचे वजन हे सगळे आपोआप सांगते.

तिसरी पायरी, तयार डाळीचे वजन. पातेले उतरवून, वाढण्याच्या आधी, डाळीसकट काट्यावर ठेवले. काट्याखाली पाट आणि वर जाड फडके ठेवले होते, म्हणजे काटा तापत नाही. वजन भरले १८९० ग्रॅम. त्यातून पातेल्याचे ६४० वजा केले, तर डाळ १२५० ग्रॅम.

चौथी पायरी, १०० ग्रॅम तयार डाळीत किती. १२५० ग्रॅममध्ये ४४ ग्रॅम प्रथिने. ४४ ला १२५० ने भागायचे आणि १०० ने गुणायचे. उत्तर आले ३.५२, म्हणजे साधारण साडेतीन ग्रॅम.

पाचवी पायरी, वाटी. घरातली नेहमीची स्टीलची वाटी आधी रिकामी आणि मग डाळ भरून मोजली. आतली डाळ भरली १६० ग्रॅम. १०० ग्रॅमला ३.५२, तर १६० ग्रॅमला ५.६ ग्रॅम.

म्हणजे त्या घरच्या एका वाटी डाळीतून सुनेला साडेपाच ग्रॅमच्या थोडी वर प्रथिने मिळत होती. सासूबाई म्हणाल्या, "एवढीच? मला वाटलं डाळ म्हणजे ताकदच ताकद." डाळीत ताकद आहेच. पण ती २०० ग्रॅम कोरड्या डाळीत होती, आणि आता ती सव्वा किलोभर डाळीत पसरली होती.

नेहमी होणारी गल्लत

या ठिकाणी एक गल्लत फार ठिकाणी होते. आहाराच्या फळ्यावर किंवा वहीत कोणीतरी लिहून ठेवते, "तूरडाळ : १०० ग्रॅमला २२ ग्रॅम प्रथिने." मग कार्यकर्ती शिजलेल्या डाळीची वाटी मोजते, ती १६० ग्रॅम भरते आणि हिशेब होतो १६० गुणिले २२ भागिले १००, म्हणजे ३५ ग्रॅम. कागदावर त्या सुनेला एका वाटीत ३५ ग्रॅम प्रथिने मिळाली. प्रत्यक्षात मिळाली ५.६.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली दिलेल्या शिफारशीनुसार ५५ किलो वजनाच्या स्त्रीला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्यावर आणखी २२ ग्रॅम हवीत, म्हणजे एकूण सुमारे ६८ ग्रॅम. आता दोन वेळा एकेक वाटी डाळ धरा. चुकीच्या हिशेबाने ७० ग्रॅम होतात आणि नोंदवहीत "पुरेसे" असा शेरा पडतो. खऱ्या हिशेबाने ११ ग्रॅम होतात. उरलेली ५७ ग्रॅम भाकरी, भात, दूध, अंडे, मासे, शेंगदाणे यांतून यायला हवीत, आणि ती येतात की नाही हे कोणी विचारतच नाही, कारण वही सगळे ठीक असल्याचे सांगत असते. ज्या बहिणीकडे सर्वांत आधी लक्ष जायला हवे, तिचेच नाव यादीतून गळते.

ही गल्लत ओळखायला एक सोपी खूण आहे. तयार डाळीचे वजन कोरड्या डाळीच्या किती पट झाले ते पाहा. वरच्या घरी २०० चे १२५० झाले, म्हणजे सव्वासहा पट. २२ ला सव्वासहाने भागले की तेच साडेतीन येतात. घोटलेली, पाणी न वाढवलेली डाळ साधारण तिप्पट होते, तेव्हा १०० ग्रॅमला सुमारे ७ ग्रॅम प्रथिने निघतात. सहा पट झाली तर साडेतीनच्या आसपास आणि दहा पट झाली तर दोनच्या थोडे वर. म्हणून तयार डाळीच्या १०० ग्रॅमला तुमचे उत्तर दहा, पंधरा किंवा बावीस येत असेल, तर थांबा. कोरड्याचा आकडा शिजलेल्या डाळीला लावला गेला आहे असे समजा आणि पहिल्या पायरीपासून पुन्हा पाहा.

काटा नसेल तर

प्रत्येक घरी काटा नसतो आणि त्यावाचून अडतही नाही. कोरडी डाळ वाटीने मोजता येते, फक्त आपल्या वाटीत किती ग्रॅम मावते हे एकदा ठरवून घ्यायचे. अर्धा किलोचे बंद पाकीट आणले की ते फोडून सपाट वाट्या भरून मोजा. वाटी शिगोशीग भरू नका, बोटाने वरून सपाट करा. चार वाट्या निघाल्या तर एका वाटीत १२५ ग्रॅम. घरच्या शेतातली तूर असेल तर एक सपाट वाटी डाळ दुकानदाराच्या काट्यावर एकदा मोजून आणा. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला की पुन्हा काटा लागत नाही.

शिजल्यावरही काटा नको. पातेल्यातून एकूण किती वाट्या डाळ निघाली ते मोजा. एकूण प्रथिनांना तेवढ्या वाट्यांनी भागले की एका वाटीचा वाटा मिळतो.

शेजारच्याच घरी आम्ही असे केले. त्यांनी एक सपाट वाटी, म्हणजे १२५ ग्रॅम कोरडी डाळ घेतली. १२५ गुणिले २२ भागिले १००, म्हणजे एकूण २७.५ ग्रॅम प्रथिने. शिजवून, पाणी घालून, फोडणी देऊन त्याच वाटीने आठ वाट्या डाळ निघाली. २७.५ भागिले ८, म्हणजे एका वाटीत ३.४ ग्रॅम. पहिल्या घरी ५.६ आणि इथे ३.४. दोन्ही घरांत वाटी तशीच आणि डाळही एकाच दुकानातली. फरक होता तो फक्त पाण्याचा.

पहिल्या घरीही वाट्या मोजून पडताळा घेतला. सात पूर्ण आणि एक पाऊण वाटी भरली. ४४ भागिले पावणेआठ, म्हणजे ५.७. काट्याने ५.६ आले होते. एवढा फरक वाटी भरण्यात पडतोच आणि आपल्या कामाला तो चालतो.

मुले "कप" म्हणतात तो चहाचा कप, पेला किंवा डाव, कोणतेही माप चालते. अट एकच, की सगळी डाळ एकाच मापाने मोजली पाहिजे. अर्धी वाटीने आणि अर्धी डावाने मोजली तर भागाकार जमत नाही.

हिशेब कुठे बिघडतो

पहिली जागा भिजवलेल्या डाळीची. काही घरी डाळ आधी भिजत घालतात आणि आपण पोहोचतो तेव्हा ती फुगलेली असते. तिचे वजन जवळजवळ दुप्पट झालेले असते. ते कोरडे वजन समजून हिशेब केला तर प्रथिनेही दुप्पट दिसतात. म्हणून अशा वेळी काटा बाजूला ठेवा आणि किती वाट्या डाळ भिजत घातली होती ते विचारा. हिरव्या, ओल्या तुरीच्या दाण्यांनाही २२ चा आकडा लावू नका. त्यांत मुळातच पाणी भरपूर असते, त्यामुळे १०० ग्रॅममागे प्रथिने कोरड्या डाळीच्या निम्म्याहूनही कमी असतात.

दुसरी जागा ढवळण्याची. आपण भागाकार करतो तेव्हा प्रथिने सगळ्या पातेल्यात सारखी पसरली आहेत असे धरतो. पातळ डाळीत तसे नसते. ती पाच-दहा मिनिटे तशीच ठेवली की गर खाली बसतो आणि वर पिवळे पाणी राहते. वरून वाढलेली वाटी आणि तळातून वाढलेली वाटी यांत फार अंतर पडते. प्रत्येक वाढणीपूर्वी डाव तळापर्यंत घालून ढवळले, तरच आपला आकडा खरा ठरतो. काचेच्या पेल्यात थोडी डाळ ओतून बाजूला ठेवा, थोड्या वेळात दोन थर स्पष्ट दिसतील. बायकांना हे दाखवले की वेगळे सांगावे लागत नाही.

याच ठिकाणी तान्ह्या बाळाचा विषय येतो. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला वरचे खाणे सुरू करताना अनेक आया डाळीवरचे पाणी चमच्याने भरवतात. बाळाला पचेल असे त्यांना मनापासून वाटते. पण त्या पाण्यात प्रथिने अगदी थोडी असतात, कारण गर खालीच राहिलेला असतो. बाळाचे पोट लहान असते, ते पाण्याने भरते आणि मूल पुढचे खात नाही. त्याच पातेल्याच्या तळातली डाळ बोटाने मऊ कुस्करून, भातात कालवून, वर चमचाभर तेल किंवा तूप घालून दिली तर खर्च काही वाढत नाही आणि बाळाला गर मिळतो.

तिसरी जागा ओतून दिलेल्या पाण्याची. काही जणी शिजलेल्या डाळीवरचे पाणी सारासाठी वेगळे काढतात. ते घरातच कोणी पिणार असेल तर एकूण हिशेबात ते धरायचे, कारण थोडी प्रथिने त्यात उतरलेली असतात. फेकून दिले तर तेवढी गेली. धुताना गेलेले पाणी आणि उकळताना काढलेला फेस यांत फारसे काही जात नाही, त्यासाठी हिशेब बदलू नका.

चौथी जागा मागाहून घातलेल्या पाण्याची. अर्धी डाळ वाढून झाली आणि पाहुणे आले की उरलेल्या डाळीत तांब्याभर पाणी पडते. मग आधी जेवलेल्यांचा आकडा वेगळा आणि नंतर जेवणाऱ्यांचा वेगळा. बहुतेक घरांत नंतर जेवते ती सून. म्हणून नोंद करताना विचारावे, "वाढायला घेतल्यावर डाळीत पुन्हा पाणी घातलं का?" घातले असेल तर उरलेल्या डाळीचा हिशेब वेगळा मांडावा.

कांदा, टोमॅटो, तेल, मीठ यांनी डाळीचे वजन थोडे वाढते, पण प्रथिने जवळजवळ वाढत नाहीत. शेवटच्या वजनात ती धरलेली असतात, म्हणून वेगळे काही करायचे नाही. शेंगदाण्याचे कूट घातले तर मात्र ते वेगळे मोजा. १०० ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. मूठभर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम दाण्यांचे कूट घातले की पातेल्यात सुमारे ७ ग्रॅमची भर पडते. ती एकूण प्रथिनांत मिळवायची आणि पुढचा भागाकार तसाच करायचा.

आकडा हाती आला, आता काय?

पहिल्या घरी सुनेसाठी काय करता येईल, हे आम्ही त्याच आकड्यांवरून पाहिले. डाळ घोटून झाली, पण वरचे पाणी पडायचे होते, तेव्हा ती साधारण ६०० ग्रॅम होती. त्या वेळी तिची एक वाटी, १६० ग्रॅम, बाजूला काढली तर तिला मिळतात ४४ भागिले ६०० गुणिले १६०, म्हणजे ११.७ ग्रॅम. तीच वाटी, तीच डाळ, आणि प्रथिने दुप्पट. फोडणी तिच्या वाटीत वेगळी घालता येते.

पण इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी. तिच्या वाटीत ११.७ गेली म्हणजे इतरांसाठी उरली ३२.३. बाकीच्या डाळीत नेहमीइतकेच पाणी घातले तर इतरांची वाटी ५.६ वरून ४.७ वर येते. पातेल्यातली ४४ ग्रॅम वाढलेली नाहीत, फक्त वाटणी बदलली. ज्या घरात लहान मूलही अशक्त आहे, तिथे ही वाटणी विचार करूनच सांगावी. एकूण वाढवायचे असेल तर कोरडी डाळच वाढवावी लागते. ५० ग्रॅम डाळ जास्त घातली की ११ ग्रॅम वाढतात. त्या घरी सासूबाईंनी दोन्ही गोष्टी धरल्या. सुनेची वाटी आधी काढायची आणि घरचे शेंगदाणे असतील तेव्हा मूठभर कूट घालायचे.

डाळीसोबत भाकरी किंवा भात असतोच, त्यातली प्रथिनेही मोजायची असतात. तीही कोरड्या पिठावरून किंवा तांदळावरूनच मोजा. डाळीच्या प्रथिनांत जे घटक कमी पडतात ते धान्यात असतात, आणि धान्यात जे कमी असतात ते डाळीत. म्हणून एका जेवणात दोन्ही असावीत.

शाळेतल्या डाळीला हाच हिशेब

शाळेतल्या पोषण आहाराच्या निकषांत पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलासाठी रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ ठरलेली आहे, आणि जेवणातून १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असे म्हटले आहे. हे दोन्ही आकडे कोरड्या मालाचे आहेत. २० ग्रॅम डाळीतून ४.४ ग्रॅम मिळतात आणि १०० ग्रॅम तांदळातून सात-आठ ग्रॅम. बेरीज बाराच्या आसपास येते. निकष कसा बसवला आहे, हे यातून दिसते.

पालकसभेत अनेकदा तक्रार येते की डाळ पातळ आहे. त्यावर "आज पाणी जास्त पडलं" असे उत्तर मिळते आणि वाद तिथेच विरतो. पातळपणावर वाद घालू नका. पातळ डाळीतही पूर्ण प्रथिने असू शकतात, जर कोरडी डाळ पूर्ण घातली असेल आणि मुलाला मोठी वाटी भरून मिळत असेल. विचारायचे ते एवढेच, की आज किती मुले होती आणि कोरडी डाळ किती घातली. ५० मुलांना १ किलो डाळ लागते. सहाशे ग्रॅम घातली असेल तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला १२ ग्रॅम डाळ, म्हणजे २.६ ग्रॅम प्रथिने आली. मग डाळ कितीही घट्ट दिसो. पीठ लावून घट्ट केलेली डाळ डोळ्यांना फसवते, कोरडे वजन फसवत नाही.

सरावासाठी

पुढील तीन उदाहरणे मासिक बैठकीत सर्वांनी मिळून सोडवावीत.

१. एका वसतिगृहात ४० मुलांसाठी १ किलो २०० ग्रॅम तूरडाळ शिजवली. डाळ सर्वांना सारखी वाटली, तर प्रत्येकाला किती ग्रॅम प्रथिने मिळाली?

२. कोरडी डाळ ३०० ग्रॅम. रिकामे पातेले ९०० ग्रॅम. तयार डाळीसह पातेले २४०० ग्रॅम. वाटीत १५० ग्रॅम डाळ मावते. एका वाटीत प्रथिने किती?

३. एका ताईने भिजवलेली डाळ मोजली, ती ४०० ग्रॅम भरली. घरच्या बाईने सांगितले की भिजत घालण्याआधी ती २०० ग्रॅम होती. एकूण प्रथिने किती धरावीत?

उत्तरे : (१) एकूण २६४ ग्रॅम, प्रत्येकाला ६.६ ग्रॅम. (२) एकूण ६६ ग्रॅम, तयार डाळ १५०० ग्रॅम, १०० ग्रॅमला ४.४, म्हणून वाटीत ६.६ ग्रॅम. (३) ४४ ग्रॅम. भिजताना वाढलेले वजन पाण्याचे आहे.

आपल्या पाड्यावरील निदान तीन घरांचा हिशेब पुढील बैठकीपूर्वी वहीत उतरवावा. प्रत्येक नोंदीत चार आकडे असावेत : कोरडी डाळ किती, तयार डाळ किती, वाटीत किती मावते आणि एका वाटीत प्रथिने किती. ज्या घरी गरोदर बहीण किंवा दोन वर्षांखालील मूल आहे, तिथून सुरुवात करावी.